निवळी, तुरटी आणि फडके

पाण्यासाठी मराठीत दोन जुनी, घरगुती क्रियापदे आहेत. एक निवळणे आणि दुसरे गाळणे. गढूळ पाणी ठेवून दिले की ते निवळते, आणि फडक्यातून ओतले की ते गाळले जाते. तिसऱ्या क्रियेला मात्र आपल्याकडे घरचा शब्द नाही. पाण्यातले रोगजंतू मारायचे म्हटले की 'निर्जंतुक करणे' असा पुस्तकी शब्द वापरावा लागतो. भाषेतली ही रिकामी जागा उगीच राहिलेली नाही. आपल्या पूर्वजांना पाणी स्वच्छ दिसेल असे करण्याची कला दोन हजार वर्षे ठाऊक होती, पण स्वच्छ दिसणारे पाणी माणूस मारू शकते हे कळून जेमतेम दीडशे वर्षे झाली आहेत. या दोन ज्ञानांचा सांधा कसा जुळला आणि जुळल्यावर दोहोंचा क्रम काय ठरला, हे बेळगाव-निपाणीच्या सीमाभागातील पाण्याच्या निमित्ताने पाहू.

हा भाग गोमंतकीयांना परका नाही. आपली भाजी चोर्ला घाट उतरून बेळगावहून येते आणि आपली म्हादई खानापूर तालुक्याच्या रानात उगम पावते. बेळगाव जिल्ह्यात (२०१४ पासून शहराचे सरकारी नाव बेळगावी) पावसाळ्यात पाण्याचे दोन रंग दिसतात. खानापूरकडे सह्याद्रीची जांभ्याची माती वाहून येते, तिचे पाणी आपल्या मांडवीसारखे तांबूस. उत्तरेला निपाणी-चिकोडीकडे काळी माती. तिथल्या वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा या नद्यांना श्रावणात जो पूर येतो, तो करडा-तपकिरी. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्या या पट्ट्यातल्या घरांत नळाच्या तोंडाला फडके बांधलेले असते आणि फडताळात तुरटीचा खडा असतो. या दोन वस्तूंचा इतिहास वेगवेगळा आहे आणि त्यांची कामेही वेगळी आहेत.

फडके अर्थातच जुने. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात संन्याशाने वस्त्राने गाळलेले पाणी प्यावे असे सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात गोष्टी दिल्या आहेत, त्यांत निवळीचे बी, गोमेद, कमळाचा कंद, शेवाळाचे मूळ, मोती आणि मणी यांच्याबरोबर वस्त्रही मोजले आहे. सीमाभागात या प्रथेला आणखी एक भक्कम आधार मिळाला तो जैन समाजाचा. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदी १२०४ सालची. निपाणी, चिकोडी या भागातील गावागावांत आजही जैन वस्ती मोठी आहे. जैन आचारात पाणी जाड सुती कापडाची दुहेरी घडी करून गाळायचे असते. गाळलेले पाणी एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे चालते, नंतर पुन्हा गाळावे लागते. कापडावर राहिलेले जीव, ज्याला जिवाणी म्हणतात, ते ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत अलगद परत सोडायचे असतात. हेतू आरोग्याचा नाही, अहिंसेचा आहे. पिणाऱ्याला जपायचे नसून पाण्यातल्या जिवाला जपायचे आहे.

पण या हेतूचा एक आरोग्यदायी परिणाम होत होता, आणि तो कोणत्या रोगावर होत होता हे पाहिले की फडक्याची ताकद नेमकी कळते. नारू हा रोग जुन्या पिढीला आठवत असेल. पायातून हातभर लांबीचा, दोऱ्यासारखा जंत हळूहळू बाहेर पडायचा. कर्नाटक आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये नारूग्रस्त होती. या जंताची पिल्ले पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक पिसवेवजा प्राण्याच्या पोटात वाढतात. हा प्राणी साधारण एक मिलिमीटरचा, म्हणजे उजेडात डोळ्यांना ठिपक्यासारखा दिसतो. तो कापडात सहज अडकतो. म्हणून पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे आणि पाणी गाळून पिणे या दोन साध्या गोष्टींच्या बळावर नारूची साखळी तुटली. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. नारूवर औषध नव्हते, लस नव्हती. फडके होते.

मग फडक्याने सगळेच रोग का अडत नाहीत? कारण तो मापाचा प्रश्न आहे. जुन्या, धुऊन धुऊन दाट झालेल्या सुती लुगड्याच्या चार घड्या केल्या तर त्याची छिद्रे सुमारे २० मायक्रॉनची होतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कॉलऱ्याचा जंतू एक-दोन मायक्रॉनचा, तो त्यातून आरामात निघून जातो. तरीही बांगलादेशात रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतल्या बायकांना साडीच्या घड्यांतून पाणी गाळायला शिकवले, तेव्हा कॉलऱ्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्याचे कारण असे, की तिथल्या तळ्यांत कॉलऱ्याचे जंतू बरेचदा बारीक जलचरांना चिकटून असतात. जलचर अडले की त्यांच्यावर बसलेले जंतूही अडतात. पण निम्मे म्हणजे निम्मेच. मोकळे पोहणारे जंतू कापडाच्या हाती लागत नाहीत. आणि कापड नवे किंवा विरळ असेल तर तेवढेही नाही.

कापडाच्या हाती न लागणारी दुसरी गोष्ट म्हणजे माती. पुराच्या पाण्याची कळशी कोपऱ्यात ठेवून दिली तर वाळू मिनिटभरात तळाला जाते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा गाळाचा कण वीत-दीड वीत खाली जायला अर्धा तास घेतो. त्याच्याही दहाव्या भागाएवढ्या चिकणमातीच्या कणाला तेवढेच अंतर कापायला दोन दिवसांहून अधिक लागतात, आणि त्याहून बारीक कण महिनोनमहिने तरंगत राहतात. रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी वरून थोडे उजळलेले, पण तरीही चहासारखे दिसते ते यामुळे. हे कण नुसते बारीक नसतात, त्या सगळ्यांवर सारखाच ऋण विद्युतभार असतो. म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात आणि एकत्र येऊन जड होत नाहीत.

त्यांना एकत्र आणण्याची युक्ती म्हणजे निवळी. निवळीच्या झाडाचे बी मातीच्या घागरीच्या आतल्या बाजूला घासायचे आणि मग तीत गढूळ पाणी भरायचे, ही पद्धत फार जुनी. झाडाचे नाव आणि निवळणे हे क्रियापद एकमेकांना किती जवळ आहेत, ते सांगायला नको. मनुस्मृतीच्या त्याच सहाव्या अध्यायात एक मार्मिक दाखलाही येतो: निवळीचे फळ पाणी स्वच्छ करते हे खरे, पण तिचे नुसते नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही. आपल्या परसातल्या शेवग्याच्या बियांतही हा गुण असतो.

सुश्रुताच्या सात वस्तूंच्या यादीत तुरटी मात्र नाही. तुरटी रंगाऱ्याला ठाऊक होती, कारण कापडावर रंग पक्का बसवायला ती लागते. कातडे कमावणाऱ्याला आणि न्हाव्यालाही ठाऊक होती. एकोणिसाव्या शतकात कच्छमध्ये मातानो मढ इथे ती काढली जात असे. तिच्या नावांतही गंमत आहे. तुरटी म्हणजे तुरट चवीची. संस्कृत 'स्फटिका'पासून आलेले मराठीतले दुसरे नाव फटकी, तर कन्नडात तिला पटिक म्हणतात. म्हणजे सीमाभागातल्या बाजारात एकाच खड्याला गिऱ्हाईक पाहून नाव बदलते.

तुरटी पाण्यात विरघळली की तिच्यातले ॲल्युमिनियम धन भार घेऊन येते आणि मातीच्या कणांवरचा ऋण भार पुसून टाकते. कण एकमेकांना चिकटू लागतात. त्याच वेळी ॲल्युमिनियमचे पिंजलेल्या कापसासारखे पुंजके तयार होतात आणि ते खाली बसताना वाटेतली माती, शेवाळ आणि बरेचसे जंतूही ओढून नेतात. बेळगावला राकसकोपचे पाणी पुरवणारे किंवा आपल्याला ओप्याचे पाणी पुरवणारे शुद्धीकरण केंद्र असो, मोठ्या टाक्यांत चालते ते याच तत्त्वावर.

आता 'बरेचसे जंतू' या शब्दांवर थांबले पाहिजे. तुरटी जंतू मारत नाही, खाली नेते. काही वर राहतात, आणि खाली गेलेले गाळात जिवंत असतात. तुरटी फिरवलेले, काचेसारखे दिसणारे पाणी नि:शंक पिणे, हा आपल्या घरांतला सर्वांत जुना गैरसमज.

या गैरसमजाची किंमत गोव्याने फार पूर्वी मोजली आहे. गार्सिया द ओर्ताचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात जुलाब-वांत्यांनी काही तासांत माणूस नेणाऱ्या रोगाचे वर्णन आहे. त्याला तो जे नाव देतो, ते आपल्या मोडशीचे पोर्तुगीज रूप. मराठीत पुढे त्याच रोगाला पटकी हे नाव रुळले. फटकी आणि पटकी! उच्चारात एवढी जवळीक, पण एकीने दुसरी जात नाही. मोडशी पाण्यातल्या जिवाणूमुळे होते हे रॉबर्ट कोखने १८८४ साली कलकत्त्यात दाखवले, तिथल्या एका तळ्याच्या पाण्यातच त्याला तो सापडला. १८९०च्या दशकात आग्र्याच्या प्रयोगशाळेतला हँकिन विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा आग्रह धरू लागला, आणि गावोगावच्या विहिरींचे पाणी गुलाबी होऊ लागले. त्यानंतर क्लोरीन आले. ब्लिचिंग पावडर, जिला ग्रामपंचायतीत टीसीएल म्हणतात, ती परमँगनेटपेक्षा कितीतरी भरवशाची निघाली. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने घरगुती वापरासाठी क्लोरीनची गोळी तयार केली. तिची अर्ध्या ग्रॅमची एक गोळी २० लिटर पाण्याला पुरते.

इथे जुने आणि नवे ज्ञान एकमेकांना भेटते. कारण क्लोरीनला गढूळ पाणी चालत नाही. क्लोरीन जंतूलाच शोधत जाते असे नाही, समोर जे सेंद्रिय येईल त्यावर ते खर्च होते. कुजलेला पाला, शेण, शेवाळ यांनीच ते संपवले तर जंतूंसाठी काही उरत नाही. शिवाय मातीच्या कणात दडलेल्या जंतूपर्यंत ते पोचत नाही. म्हणून आधी निवळणे, मग गाळणे आणि शेवटी मारणे, हा क्रम. उलटा केला तर तिन्ही कामे वाया.

हा क्रम प्रत्यक्षात कसा पाळायचा, ते निपाणीच्या पुराचे उदाहरण घेऊन पाहू. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये वेदगंगेला असा पूर आला की निपाणीजवळ यमगर्णी इथे पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद पडली. अशा वेळी नदीकाठच्या विहिरी बुडतात, वीज जाते, पाणी उपसणारे पंप थांबतात. समजा, टँकर आलेला नाही आणि घरात आहे ते २० लिटरचा एक हंडा गढूळ पाणी.

प्रथम ते तासभर नुसते ठेवावे म्हणजे वाळू आणि काडीकचरा बसेल, आणि वरचे पाणी दुसऱ्या स्टीलच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात घ्यावे. तांब्या-पितळेचे भांडे नको. तुरटी पाण्याला किंचित आंबट करते आणि पुढे क्लोरीनही धातूवर खर्च होते. तुरटी किती, हे डोळ्यांनी ठरवता येते. एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम तुरटीची पूड अर्धा लिटर पाण्यात विरघळवावी. या द्रावणाच्या एका चमच्यात साधारण ५० मिलिग्रॅम तुरटी येते. आता लिटर-लिटर पाण्याच्या चार बाटल्या घेऊन त्यांत अनुक्रमे अर्धा, एक, दीड आणि दोन चमचे द्रावण घालावे. मिनिटभर जोरात आणि मग पाचेक मिनिटे अगदी सावकाश ढवळावे. सावकाश ढवळण्याला महत्त्व आहे. पुंजके एकमेकांना भेटून मोठे होतात ते तेव्हाच, आणि जोर केला तर फुटतात. अर्ध्या तासाने पाहावे. ज्या बाटलीत कमीत कमी तुरटीने पाणी स्वच्छ झाले, ते माप आपले. समजा, एक चमचा पुरला, तर २० लिटरला २० चमचे, म्हणजे १०० मिलिलिटर. नेहमीचा अर्धा पेला.

मग हंड्यात तेवढे द्रावण घालून तसेच ढवळावे आणि एक-दोन तास हात लावू नये. तळाशी गाळाचा मऊ थर दिसतो. तो न हलवता वरचे पाणी वाटीने किंवा नळीने काढून घ्यावे, सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळावे. कापड धुऊन उन्हात वाळवलेले असावे आणि प्रत्येक वेळी तीच बाजू वर यावी, नाहीतर काल अडलेले आज पाण्यात उतरते. पेल्यामागे वर्तमानपत्र धरून त्यातली बारीक अक्षरे वाचता आली तर पाणी पुढच्या पायरीला तयार आहे. आता क्लोरीनची गोळी. वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्या मिळतात, म्हणून पाकिटावर किती लिटरला एक ते वाचावे. गोळी पूर्ण विरघळल्यावर अर्धा तास झाकून ठेवावे. नंतर क्लोरीनचा पुसटसा वास आला पाहिजे. तो वास नकोसा वाटतो, पण तोच पुरावा आहे. वासच नसेल तर क्लोरीन वाटेतच खर्च झाले. गोळी पुन्हा तेवढीच घालून पुन्हा अर्धा तास थांबावे. आरोग्यसेवक ओटी चाचणीत पाण्याला पिवळा रंग येतो का पाहतात, ते याच उरलेल्या क्लोरीनसाठी. तळाचा गाळ विहिरीपासून दूर टाकावा.

कधीकधी मात्र तुरटी घालूनही पुंजके होत नाहीत, पाणी नुसते दुधट राहते. त्याची कारणे दोन. एक, तुरटी जास्त झाली. ती चवीवरून कळते, पाणी जिभेला तुरट लागते आणि चार बाटल्यांत शेवटचीच सर्वांत गढूळ राहते. दुसरे कारण पाण्यात असते. पुंजके बनताना पाण्यातला क्षार खर्च होतो, आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचे पावसाळी पाणी फार हलके, क्षार नसलेले असते. त्यामुळे निपाणीच्या काळ्या मातीच्या पाण्यात जमणारी रीत खानापूरच्या किंवा आपल्या सत्तरीच्या ओढ्याच्या पाण्यात फसू शकते. अशा वेळी तुरटीच्या आधी हरभऱ्याएवढा विड्याचा चुना वाटीभर पाण्यात कालवून त्याची निवळ हंड्यात घालावी. पानाच्या तबकात बसलेला चुना आणि न्हाव्याच्या पेटीतली तुरटी पाण्यात एकमेकांना अशी मदत करतात.

या रीतीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. शेतातली कीटकनाशके, कारखान्याचे सांडपाणी, खारेपणा यांतले काही तुरटीने, कापडाने किंवा क्लोरीनने जात नाही. अशा पाण्याला डिझेलचा किंवा औषधाचा वास असेल तर ते पिण्यासाठी घेऊच नये. क्लोरीनला दाद न देणारे क्रिप्टोस्पोरिडियमसारखे जीवही पुराच्या पाण्यात असू शकतात. सरपण किंवा गॅस असेल तर निवळून गाळलेले पाणी खळखळून उकळणे हे गोळीपेक्षा सरस. पण उकळलेल्या पाण्यात रक्षण उरत नाही. त्यात कुणी बोटे बुडवली की ते पुन्हा बाटले. क्लोरीनचे पाणी झाकून ठेवले तर दिवसभर स्वतःला सांभाळते.

जैन आचारातला ४८ मिनिटांचा नियम इथे पुन्हा आठवतो. गाळलेले पाणी कायमचे शुद्ध राहत नाही, ते ठेवले की पुन्हा जीव धरते, हे त्या नियमामागचे निरीक्षण अहिंसेच्या पोटी झालेले असले तरी खरे आहे. निवळीने चिकणमाती एकत्र येते हे निरीक्षणही खरे आहे. चुकले ते एवढेच, की दोन्ही ठिकाणी डोळ्यांना दिसले तेवढेच मोजले गेले. सायक्लॉप्सचा ठिपका दिसत होता, म्हणून नारू गेला. मोडशीचा जंतू दिसत नव्हता, म्हणून ओर्ताच्या काळापासून कोखपर्यंत तीनशे वर्षे स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातून ती घरात येत राहिली.

नळाला फडके आणि फडताळात तुरटीचा खडा असलेल्या सीमाभागातल्या आणि गोव्यातल्या घरात आता वस्तू कमी आहे ती एकच, क्लोरीनच्या गोळ्यांचे पाकीट. फडके आणि तुरटी मोडीत काढायची गरज नाही, उलट त्यांच्यावाचून गोळी निकामी ठरते. फक्त पाणी स्वच्छ दिसले की काम संपले असे न समजता, तिथून ते सुरू होते असे समजायचे.